गुऱ्हाळाचं पाकीट, तीन लिप्या आणि नकाराचं एक पत्र

संकेश्वर-निपाणी पट्ट्यातलं एक गुऱ्हाळ आहे. ब्रँडचं नाव सांगत नाही, पण नावातच ‘गुऱ्हाळ’ हा शब्द आहे एवढं सांगायलाच लागतंय, कारण पुढं अर्धी भानगड त्या शब्दातल्या ‘ऱ्ह’ची आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही अण्णाच म्हणते. ऊस घरचा, गूळ तांबूस-काळपट, कारण रंग यावा म्हणून हायड्रॉस टाकत नाहीत आणि मळी काढायला अजून भेंडीचा रस वापरतात. माल जातो कोल्हापूर बाजूला, हुबळी-धारवाडला आणि थोडा गोव्यात, म्हणजे पाकिटावर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही पाहिजेत आणि तिन्ही वाचणारी माणसं खरीखुरी आहेत, शोभेला म्हणून टाकलेली भाषा एकही नाही.

त्यांनी मला दिलेलं डिझाइनचं काम साधं होतं. पाव किलो, अर्धा किलो आणि एक किलोची पाकिटं, पुठ्ठ्याचा खोका, हायवेवरच्या दुकानाचा बोर्ड आणि एक छोटी वेबसाइट. मी ‘अनेक’ नावाचं अक्षर निवडलं होतं, म्हणजे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनं काढलेलं आणि 2022 मध्ये गूगल फॉन्ट्सवर आलेलं फॉन्टचं कुटुंब. अण्णांनी बघितलं, मान डोलावली, आणि छपाईला जायच्या आधी व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. त्यात ब्रशनं लिहिल्यासारखा, लांब शेपट्या असलेला, राजवाड्याच्या लग्नपत्रिकेवर शोभेल असा फॉन्ट. खाली मेसेज: ‘ताई, पोरगा म्हणालाय आपलं लई साधं दिसालंय. हा लावून बघा की.’ मागोमाग फॉन्टची झिप फाइलपण.

असला मेसेज आला की फोन करून समजवायचा मोह होतो. मी करत नाही. फोनवर माणूस ‘बरं बरं, तुम्ही म्हणता तसं’ म्हणतो, आणि रात्री जेवताना पोरगा परत विचारतो तेव्हा सांगायला त्याच्याकडं काहीच नसतं. निर्णय घरात होणार असला तर कागद घरात पोचायला पाहिजे. म्हणून पत्र लिहिलं, छापलं आणि सोबत नमुन्याचे कागद लावून पाठवलं. पत्र असं होतं.

आदरणीय अण्णा,

स. न. वि. वि.

धाकट्यानं पाठवलेला फॉन्ट मिळाला. नुसता बघून ठेवला नाही, आपलं नाव त्यात लावून बघितलं, पाकिटावर, खोक्यावर आणि बोर्डावर, तिन्हीकडं. सुरुवातीच्या ‘गु’चा जो खाली वळसा जातो तो मला आवडला, त्याचं पुढं काहीतरी करता येईल, ते शेवटी सांगते. पण पाकिटासाठी मी हा फॉन्ट घेऊ नये असं म्हणेन, आपण ठरवलेलाच ठेवूया. का ते खाली लिहिते. सोबतचे कागद शेजारी ठेवून वाचा म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज पडणार नाही.

पहिला कागद बघा. वर आपलं नाव मराठीत आहे, खाली जागा रिकामी आहे. ती मी मुद्दाम रिकामी सोडली नाही, त्या फॉन्टमध्ये कन्नड अक्षरंच नाहीत. धाकटा म्हणेल की कन्नडसाठी दुसरा असाच फॅन्सी फॉन्ट शोधू. शोधला, त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लावलाय. मराठी ब्रशचं, कन्नड बोरूचं, जाडी वेगळी, तिरकेपणा वेगळा. एका गुऱ्हाळाची दोन पाकिटं वाटतात. आणि बोर्डावर तर कन्नडच वर आणि मोठं येणार आहे, कर्नाटकात 2024 च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर फलकाचा 60 टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो. तुमचा बोर्ड दहा बाय तीन फुटाचा, म्हणजे तीस चौरस फूट. त्यातले अठरा कन्नडला, उरलेल्या बारामध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही. हायवेवरनं जाणारा माणूस आधी कन्नड बघणार. तेव्हा जे अक्षर घ्यायचं ते कन्नडमध्येही आपलंच दिसायला पाहिजे. आपण घेतलेल्यात मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही एकाच ठिकाणी, एकमेकांकडं बघून काढलेली आहेत.

दुसरा कागद. यावर फक्त ‘गुऱ्हाळ’ एवढंच मोठं छापलंय. वर आपलं, खाली नवीन फॉन्टमधलं. खालच्यात ‘ह’च्या आधीचा तो अर्धचंद्रासारखा र दिसतोय का बघा. नाही दिसणार. त्या फॉन्टला तो माहीतच नाही, म्हणून तो डोक्यावर रफार चढवून ‘गुर्हाळ’ करतोय. हा र हिंदीत लागत नाही, मराठीत लागतो, आणि बरेच फॅन्सी फॉन्ट हिंदी बाजार डोळ्यापुढं ठेवून केलेले असतात. कोल्हापूरच्या दुकानदाराला काय चुकलंय ते नेमकं सांगता येणार नाही कदाचित, पण काहीतरी चुकलंय हे त्याला दिसणार. मी हातानं तो र काढून बसवू शकते, नावापुरता. पण वेबसाइटवर, बिलावर, पुढच्या वर्षी काढाल त्या काकवीच्या बाटलीवर जिथं जिथं हा शब्द येईल तिथं तिथं कुणीतरी हातानं बसवायला लागणार.

तिसरा कागद पाव किलोच्या पाकिटाचा, अगदी खऱ्या मापाचा. यावर नावाच्या अक्षराची उंची नऊ मिलिमीटर येते. नवीन फॉन्टमधली सगळ्यात बारीक रेघ अक्षराच्या उंचीच्या साठाव्या भागाएवढी आहे, म्हणजे इथं 0.15 मिलिमीटर. आपलं पाकीट तपकिरी आणि अक्षरं पांढरी, म्हणजे पांढरी शाई नाही, तपकिरी छापताना तेवढी जागा कोरी सोडायची. पाकिटं छापणाऱ्यांना विचारलं, ते म्हणाले 0.2 च्या आतली कोरी रेघ मी धरत नाही, शाई दोन्हीकडनं सरकते आणि रेघ बुजते. म्हणजे हजार पाकिटांत काहींवर शेपटी दिसेल, काहींवर तुटकी दिसेल, काहींवर नसेलच. आपल्या अक्षराची बारीक रेघसुद्धा एक मिलिमीटरच्या आसपास आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यावर तर छपाई याहून राकट असते, तिथं हा फरक अजून वाढतो.

आता साधं दिसण्याबद्दल. धाकट्याचं म्हणणं चुकीचं नाही, शेल्फवर चार पाकिटांत आपलं पाकीट कमी नटलेलं दिसणार आहे. पण अण्णा, तुम्हीच मला पहिल्या भेटीत सांगितलेलं, पिवळाधमक गूळ गिऱ्हाईक आधी उचलतं तरी आपण रंग काढत नाही, जसा निघतो तसा देतो. पाकीट त्याच बोलीत बोलावं असं मला वाटतं. बाकीच्या गुळांच्या पाकिटांवर ब्रश, नक्षी, सोनेरी कडा सगळं आहे, तिथं अजून एक ब्रश ठेवला तर आपण त्यांच्यातच मिसळून जाऊ. जाड, सरळ, मोठ्या पोटाची अक्षरं आणि भोवती भरपूर मोकळी जागा, हे आत्ता त्या फळीवर कुणाकडं नाही. एक गोष्ट मात्र खरी, अक्षर बघून कुणाला हायड्रॉस नाही हे कळणार नाही, ते आपल्याला शब्दांतच लिहायला लागेल आणि ते समोरच्या बाजूला लिहिलंय.

आता तो ‘गु’चा वळसा. दिवाळीला तुम्ही पाहुण्यांना आणि दुकानदारांना द्यायला खोके करता, त्यावर एकच शब्द मी हातानं काढून देते, वळसा आणि शेपटी सगळ्यासकट. तो फॉन्ट नसेल, चित्र असेल, मोठा छापला जाईल, चांगल्या कागदावर, आणि त्यावर कन्नडची जोडीपण मी हातानंच काढेन. खाली नाव नेहमीच्या अक्षरात. म्हणजे सणाला नटणं होईल आणि रोजचं पाकीट ओळखीचं राहील.

एवढं वाचूनही तुम्हा सगळ्यांना नवीनच हवा असेल तर मी अडवणार नाही, ब्रँड तुमचा आहे. फक्त मग तीन कामं वाढतील. कन्नड नाव त्या वळणात नवीन काढावं लागेल. पाकिटाचा रंग उलटा करावा लागेल, म्हणजे फिक्यावर गडद. आणि झिपमध्ये फॉन्टचा परवाना नाहीये, तो कुणी केलाय ते शोधून धंद्याच्या वापरासाठी विकत घ्यावा लागेल. त्याचा खर्च आणि वेळ वेगळा कळवते.

धाकट्याला माझं सांगा, त्यानं बघितलं म्हणून दिवाळीच्या खोक्याचं सुचलं. तीन कागद घरात सगळ्यांना दाखवा, आणि जमलं तर भिंतीला टेकवून चार पावलं मागं जाऊन बघा.

कळावे, लोभ असावा.

पत्र एवढंच. आता यात काय मुद्दाम आहे ते लिहिते, कारण बेळगाव भागात काम करणाऱ्या बऱ्याच जणांना हा प्रसंग महिन्यातनं एकदा तरी येतो.

सगळ्यात आधी, नकार पहिल्याच परिच्छेदात आहे. गोड बोलत बोलत शेवटी नाही म्हटलं की वाचणारा चिडतो, त्याला वाटतं आपल्याला फिरवलं. पण नकाराच्या आधी एक वाक्य आहे की लावून बघितलं, आणि ते खरं असायला पाहिजे. न लावता ‘नाही जमणार’ म्हणणारे डिझायनर क्लायंटला बरोबर कळतात.

दुसरं म्हणजे कारणांचा क्रम. मला स्वतःला परवान्याचा मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो, व्हॉट्सॲपवर फिरणारी झिप म्हणजे कुणाच्यातरी मेहनतीची चोरीच असते बहुतेक. पण तो पहिला टाकला तर अण्णांना वाटलं असतं की पोराला चोर म्हणालाय. म्हणून तो शेवटी, कामाच्या यादीत, कोरडा ठेवला. कन्नड पहिलं ठेवलं कारण तिथं मतभेदाला जागाच नाही, अक्षरं आहेत किंवा नाहीत. ‘ऱ्ह’ दुसरा, कारण तो डोळ्यांनी दिसतो. जाडीचा मुद्दा तिसरा, कारण त्याला थोडं गणित लागतं, आणि तोवर माणूस वाचायच्या तंद्रीत आलेला असतो. आवडीनिवडीचं सगळं त्यानंतर. उलट केलं असतं, म्हणजे ‘साधेपणा आपल्या ब्रँडला शोभतो’ असं आधी लिहिलं असतं, तर ते माझी आवड विरुद्ध पोराची आवड झालं असतं, आणि त्यात पोरगाच जिंकणार की, घरचा आहे.

आणि पत्रात कर्निंग, ग्लिफ, काउंटर असला एकही शब्द नाही. ‘मोठ्या पोटाची अक्षरं’ म्हटलं की अण्णांना कळतं.

पत्रात न लिहिलेलं पण ठरवताना महत्त्वाचं होतं ते म्हणजे बाकीचे पर्याय का गळाले. ‘मुक्त’ हे अक्षर मला मराठीसाठी फार आवडतं, पण त्या कुटुंबात देवनागरी, गुजराती, गुरमुखी आणि तमिळ आहे, कन्नड नाही, संपला विषय. ‘बलू’ या फॉन्टमध्ये कन्नड आहे, त्याचं नाव ‘बलू तम्मा’, पण ती गोलमटोल अक्षरं आता आइस्क्रीमपासून ट्यूशन क्लासपर्यंत सगळीकडं दिसतात आणि गुळाला ती फार लाडिक वाटली मला, हे माझं मत, कुणाला पटणार नाही. ‘अनेक’मध्ये जाडीबरोबर रुंदीही कमीजास्त करता येते, आणि आपल्याकडं हेच सगळ्यात कामाला येतं. कन्नड अक्षरं मुळात आडवी पसरलेली, तेच नाव कन्नडमध्ये मराठीपेक्षा बरंच लांब जातं. मग फ्लेक्सवाला काय करतो, कोरलमध्ये धरून आडवं दाबतो, आणि उभ्या रेघा बारीक आणि आडव्या जाड होऊन अक्षर आजारी दिसायला लागतं. इथं मी कन्नड थोड्या अरुंद रुंदीवर घेतलं आणि मराठी नेहमीच्या, दोन्ही ओळी एका मापात बसल्या आणि रेघेची जाडी कुठंच बिघडली नाही.

ओळींमधलं अंतरही सांगायला पाहिजे. मराठीला वर जागा लागते, वेलांटी आणि मात्रा शिरोरेषेच्या वर जातात. कन्नडला खाली लागते, ‘बेल्ल’ म्हणजे गूळ असं लिहिलं की दुसरा ‘ल’ ओत्तक्षर होऊन खाली लटकतो. वर कन्नड आणि खाली मराठी ठेवलं की दोन्ही एकाच फटीत घुसतात, वरच्याचं ओत्तक्षर आणि खालच्याची वेलांटी. इंग्रजीच्या सवयीनं अंतर ठेवलं तर तिथं हमखास टक्कर होते. बोर्डावर कन्नड वर ठेवणं भागच असल्यामुळं हे टाळता येत नाही, अंतरच वाढवायला लागतं. पाकिटावर आणि बोर्डावर एकच रचना हवी म्हणून मी पाकिटावरही तोच क्रम ठेवला.

वजनाच्या आकड्यांनाही अक्षर लागतंच. त्यांची कमीत कमी उंची नियमानं ठरलेली असते आणि रुंदी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी चालत नाही, एकाचा आकडा सोडून. फॅन्सी फॉन्टात इंग्रजी आकडे बऱ्याचदा नसतातच किंवा असले तर तेही शेपट्यांचे, मग ‘500 ग्रॅम’ला तिसराच फॉन्ट आणायला लागतो.

पत्रानंतर काय झालं. दोन दिवस काहीच नाही, मग अण्णांचा फोन. कागद भिंतीला लावून बघितले होते. धाकट्याला ‘ऱ्ह’ लगेच दिसला म्हणे, त्यावर त्यानं वाद घातला नाही. पण घरातल्या काकींनी एक विचारलं, आहे तेच जरा जाड करता येईल का, त्यांना चष्म्याशिवाय वाचायचं होतं. रास्त होतं. समोरचं नाव सेमीबोल्डवरनं बोल्डवर नेलं. मागच्या बाजूच्या मजकुराला मात्र नाही म्हटलं, तिथं अक्षर लहान आहे आणि बोल्ड कन्नडच्या आतली गोल भोकं तपकिरी शाईनं भरून येतात, नमुना छापून बघितला तेव्हा कन्नडमधली दोन-तीन अक्षरं एकसारखीच दिसायला लागली होती. मागं मीडियम ठेवलं.

दिवाळीच्या खोक्याला धाकट्यानं होकार दिला, आणि मी काढलेल्या पहिल्या वळशाला ‘अजून जरा लांब’ असं सांगितलं. केला लांब. तिथं जागा आहे, कागद चांगला आहे, काही बिघडत नाही.

राहिला बोर्ड. फ्लेक्सवाल्याला फाइल पाठवली तर त्यानं नाव स्वतःच्या मशीनवर परत टाइप करून पाठवलं, त्याच्याकडच्या जुन्या श्रीलिपीत. त्याचा दोष नाही, त्याच्याकडं तो फॉन्ट नव्हता आणि त्याच्या जुन्या कोरलमध्ये युनिकोड कन्नड टाकलं की ओत्तक्षर खाली न बसता शेजारी येऊन पडतं. म्हणून त्याला टाइप करता येण्याजोगं काही द्यायचंच नाही. सगळं कर्व्ह करून पीडीएफ दिली, दहा बाय तीनच्या मापात, कन्नडची पट्टी वर, आणि सोबत एक ओळ लिहून दिली: ‘मोठं-लहान करायचं असेल तर कोपऱ्यातनं धरून करा, बाजूनं ओढू नका, आणि शंका आली तर फोन करा.’ फोन आला, रंगाबद्दल.